पाच सामने, पाच जकात नाके

ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी तीन वाजता फुटबॉलचे अनेक सामने एकदम सुरू होतात. त्याआधीच्या तासा-दोन तासांत सट्टा घेणाऱ्या दुकानांची आणि मोबाइल ॲपची खरी धांदल असते. तिथे हा धंदा कायदेशीर आहे. भर बाजारपेठेत सट्ट्याचं दुकान थाटायला १९६१ पासून परवानगी आहे. अशा दुकानांच्या काचेवर एका सामन्यावरच्या पैजेची जाहिरात क्वचित दिसते. मोठ्या अक्षरांत असतं ते वेगळंच : पाच संघ निवडा, पाचही जिंकले तर जिंकलेल्या रकमेवर वर दहा टक्के. किंवा : पाचातला एकच संघ हरला, तर लावलेले पैसे परत.

ही पैज म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर. गिऱ्हाइकं लाडानं तिला ‘अ‍ॅका’ म्हणतात. अनेक सामन्यांचे निकाल एकाच पावतीवर लावायचे, आणि ते सगळे बरोबर आले तरच पैसे मिळायचे.

आता कोडं असं. जो बुकी सतत जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाची पैज कापून पाच-दहा पौंडांवर आणतो, प्रसंगी त्याचं खातंच बंद करतो, तोच बुकी दहाचे अडीचशे देणाऱ्या पैजेवर बक्षीस का देतो? दुकानदार सहसा सूट देतो ती न खपणाऱ्या मालावर. इथे तर सगळ्यात जास्त खपणाऱ्या मालावर सूट आहे.

आधी एकाच सामन्याचा हिशेब

सोपी पैज घेऊ. सामन्यात तीन किंवा जास्त गोल होतील की दोन किंवा कमी? समजा दोन्ही शक्यता अगदी सारख्या आहेत. तर न्याय्य भाव २.०० : एक पौंड लावा, जिंकलात तर मूळ पौंड धरून दोन परत. बुकी मात्र दोन्ही बाजूंना २.०० देत नाही, १.९० देतो. एकानं या बाजूला दहा लावले, दुसऱ्यानं त्या बाजूला दहा. गल्ल्यात वीस आले, जिंकणाऱ्याला एकोणीस गेले, एक पौंड बुकीचा. निकाल काहीही लागो, शंभरामागे पाच पौंड त्याच्याकडे राहतात. हेच त्याचं मार्जिन. ते कुठल्याही पावतीवर वेगळं छापलेलं नसतं, कारण ते भावातच मुरलेलं असतं.

मोठ्या लीगच्या गाजलेल्या सामन्यांत मार्जिन पाचापेक्षा कमीही असतं, कारण तिथे बुकींची आपापसांत चढाओढ असते. खालच्या विभागातले सामने किंवा ‘गोल कोण करणार’ अशा पैजांवर ते चांगलंच चढतं. आपण पाच धरून चालू.

पावती एक, नाके पाच

आता असेच पाच सामने एका पावतीवर लावू. प्रत्येकाचा भाव १.९०. पाच भावांचा गुणाकार केला की साधारण २४.७६ येतो. दहा पौंड लावले आणि पाचही अंदाज बरोबर आले, तर २४७ पौंड ६१ पेन्स. न्याय्य भावानं मिळायला हवे होते ३२०, कारण दोनला दोननं पाच वेळा गुणलं की बत्तीस.

या दोन आकड्यांतली तफावत पाच टक्के नाही, साडेबावीस टक्क्यांहून थोडी जास्त आहे. ती येते कुठून?

जकात नाक्यांचे दिवस आठवा. गुळाचा ट्रक निघाला आहे आणि वाटेत पाच नाके आहेत. प्रत्येक नाक्यावर पैशांऐवजी मालच घेतात, ट्रकमध्ये त्या घडीला जेवढा माल असेल त्याचा विसावा हिस्सा. एकेका नाक्याचा दर कमीच वाटतो, पण मुक्कामी पोचेपर्यंत शंभरातल्या जेमतेम सत्त्याहत्तर ढेपा उरतात. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये फरक इतकाच की प्रत्येक नाक्यानंतर ट्रक एक तर जवळपास दुप्पट भरतो, नाहीतर दरीत जातो.

कारण अ‍ॅक्युम्युलेटर ही एकच पैज दिसत असली तरी आत पाच पैजा एकामागून एक बांधलेल्या आहेत. पहिला सामना दहा पौंडांवर. तो जिंकला की झालेले १९ पौंड आपोआप दुसऱ्यावर, मग ३६ पौंड १० पेन्स तिसऱ्यावर, ६८ पौंड ५९ पेन्स चौथ्यावर आणि १३० पौंड ३२ पेन्स पाचव्यावर. शनिवारच्या एका सामन्यावर रोख एकशे तीस पौंड लावा म्हटलं, तर हे दहा पौंडवालं गिऱ्हाईक आपल्याला वेड्यात काढेल. पण पावतीनं त्याच्या वतीनं तेच केलेलं असतं, आणि त्या एकशे तिसावरही बुकीचे पाच टक्के लागू असतात.

थोडक्यात, बुकीनं दर वाढवलेला नाही. ज्या रकमेवर दर लागतो ती रक्कम वाढत जाते. म्हणूनच गिऱ्हाइकाला कुठे खटकत नाही. प्रत्येक सामन्याचा भाव तर तोच असतो, जो सुटी पैज लावताना दिसला असता.

बत्तीस गिऱ्हाइकं

हा हिशेब टक्क्यांपेक्षा माणसांत मांडला की जास्त स्वच्छ दिसतो. पाच सामने, प्रत्येकाचे दोन निकाल, म्हणजे एकूण बत्तीस वेगवेगळ्या जुळण्या. समजा दुकानात बत्तीस जण आले आणि प्रत्येकानं वेगळी जुळणी घेऊन दहा-दहा पौंड लावले. गल्ल्यात ३२० पौंड जमले. संध्याकाळी कुणीतरी एक जण जिंकणारच. त्याला २४७ पौंड ६१ पेन्स दिले, तो खुशीत घरी गेला, आणि बुकीकडे ७२ पौंड ३९ पेन्स उरले. यात बुकीला कुठल्याच संघाच्या जय-पराजयाशी देणंघेणं नाही.

आता याच बत्तीस जणांनी अ‍ॅक्युम्युलेटर न घेता पाचही सामन्यांवर सुटे दोन-दोन पौंड लावले असते तर? गल्ल्यात तेच ३२० पौंड आले असते, पण बुकीकडे राहिले असते फक्त सोळा. तेच सामने, तेच भाव, तीच गिऱ्हाइकं. सोळाचे बहात्तर होतात ते निव्वळ बांधणीमुळे.

चौकट : शंभर पौंडांमागे बुकीकडे काय उरतं?
(प्रत्येक सामन्यावर ५ टक्के मार्जिन धरून, पूर्णांकात)
एक सामना : ५ पौंड
दोन सामने : १० पौंड
तीन सामने : १४ पौंड
पाच सामने : २३ पौंड
आठ सामने : ३४ पौंड
दहा सामने : ४० पौंड

‘एकानं घात केला’

बत्तीस जणांकडे पुन्हा एकदा पाहू. एकाचे पाचही अंदाज बरोबर आले. चार बरोबर आणि एक चुकला, असे किती? पाच. म्हणजे जिंकणारा एक, तर ‘थोडक्यात हुकलं’ म्हणणारे पाच. तीन बरोबर आलेले आणखी दहा.

साधी पैज हरली की माणूस समजतो, आपला अंदाज चुकला. अ‍ॅक्युम्युलेटर हरल्यावर मात्र तो म्हणतो, माझे चार अंदाज बरोबर होते, त्या अमुक संघानं शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला म्हणून गेलं. त्याच्या दृष्टीनं तो जाणकार ठरला आणि नशिबानं घात केला. असा माणूस पुढच्या शनिवारी हमखास येतो. तसं पाहिलं तर चार बरोबर येऊन एक चुकणं हे नशीब वगैरे काही नाही. पाचही बरोबर येण्यापेक्षा ते पाचपट वारंवार घडणार, हे पावती फाडतानाच ठरलेलं असतं.

फक्त बलाढ्य संघ निवडले तरी यातून सुटका नाही. प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता खरोखर सत्तर टक्के असेल, तरी पाचही जिंकण्याची शक्यता सतरा टक्क्यांच्या आसपास येते, आणि नेमका एक अडखळण्याची छत्तीस टक्के. लोक ‘पक्के’ संघ निवडतात आणि दर आठवड्याला त्यातला एखादा लंगडतो, त्याचं कारण एवढंच.

बक्षिसाची किंमत

आता काचेवरच्या त्या दोन जाहिरातींचा हिशेब लागतो. ‘एक संघ हरला तर पैसे परत’ ही योजना नेमकी त्या पाच हुकलेल्यांसाठी आहे. पण बारीक अक्षरांत बहुधा असं असतं की परत मिळतात ते रोख पैसे नव्हेत, तर दहा पौंडांची ‘फुकट पैज’. ती जिंकली तर फक्त वरचा नफा मिळतो, ते दहा पौंड मिळत नाहीत. १.९० भावाच्या सामन्यावर ती वापरली तर निम्म्या वेळा नऊ पौंड हाती येणार, म्हणजे तिची सरासरी किंमत साडेचार पौंड. अशा पाच पैजा बुकीला साडेबावीस पौंडांना पडतात. बहात्तरमधून ते वजा केले तरी जवळपास पन्नास उरतात. गिऱ्हाइकानं ती फुकट पैज पुन्हा पाच सामन्यांच्या अ‍ॅक्युम्युलेटरवर लावली, तर बुकीला जास्त खर्च येतो, सुमारे सदतीस पौंड. तरी पस्तीस उरतातच. सुट्या पैजांत त्याला सोळाच मिळाले असते.

दहा टक्के बक्षिसाचंही तसंच. ते फक्त एका विजेत्याला द्यायचं आहे. त्याच्या २३७ पौंड ६१ पेन्स नफ्यावर दहा टक्के म्हणजे पावणेचोवीस पौंड. बहात्तरचे अठ्ठेचाळीस होतात.

म्हणजे या योजना खोट्या नाहीत. गिऱ्हाइकाचं नुकसान त्यांनी खरंच कमी होतं. पण ज्या मालावर मुळात मार्जिन चौपटीहून जास्त आहे, त्यावर सूट देऊनही तो साध्या मालापेक्षा महागच पडतो. सुट्या पैजेवर एवढी सूट द्यायची म्हटली तर बुकीला खिशातून भरावी लागेल.

याशिवाय आणखी एक फायदा आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. सुटी पैज लावणारा चार दुकानांचे भाव पाहतो. अ‍ॅक्युम्युलेटर लावणारा पाच सामन्यांचे भाव सगळीकडे जाऊन कशाला पडताळेल? शिवाय १.९० आणि १.९५ यांत त्याला काही फरकही वाटत नाही. दहा पौंडांच्या सुट्या पैजेत तो फरक पन्नास पेन्सचा आहे. पाच सामन्यांच्या साखळीत तो चौतीस पौंडांचा होतो.

सामने सुरू झाल्यावरही बुकीचं काम संपत नाही. चार संघ जिंकले आणि पाचवा सामना बाकी असला, की ॲपवर बटण झळकतं : आत्ताच पैसे घेऊन मोकळे व्हा. याला ‘कॅश आउट’ म्हणतात. आपल्या उदाहरणात त्या घडीला पावतीची रास्त किंमत आहे २४७ पौंड ६१ पेन्सच्या निम्मी, म्हणजे १२३ पौंड ८० पेन्स. समजा बटणावर ११५ पौंड दिसतात. दहाचे एकशे पंधरा झाले म्हणून माणूस हरखतो, आणि वाटेत सहावा नाका लागला हे त्याच्या ध्यानात येत नाही.

महालक्ष्मीचा जॅकपॉट वेगळा का?

मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेलेला वाचक इथे विचारेल : आमचा ट्रेबल आणि जॅकपॉटही असाच ना? अनेक शर्यतींचे विजेते एका तिकिटावर सांगायचे, सगळे आले तरच पैसे. दिसायला तसाच, पण हिशेबात वेगळा. टोटवर भाव बुकी ठरवत नाही. सगळ्यांचे पैसे एका कुंडीत जमा होतात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा कापला जातो आणि उरलेले विजेत्यांत वाटले जातात. जॅकपॉटची कुंडी स्वतंत्र असते आणि तिच्यातून कपात एकदाच होते, दर शर्यतीला नव्हे. ही कपात लहान असते असं नाही. पण तिचा गुणाकार होत नाही. म्हणजे साखळी पैज हीच मुळात लबाडी, असं नव्हे. मार्जिन असलेल्या भावांचा एकमेकांशी गुणाकार झाला की ती महाग होते.

गुणाकार उलटतो तेव्हा

बत्तीस गिऱ्हाइकांचं चित्र एका बाबतीत खोटं आहे. खरी गिऱ्हाइकं अशी समान विखुरलेली नसतात. सगळे त्याच चार-पाच मोठ्या संघांवर किंवा लाडक्या घोडेस्वारावर पैसे लावतात. एखाद्या दिवशी ते सगळे जिंकले तर हजारो पावत्या एकदम पिकतात.

२८ सप्टेंबर १९९६ रोजी इंग्लंडमधल्या अ‍ॅस्कॉट रेसकोर्सवर असंच झालं. फ्रँकी डेटोरी हा लोकप्रिय जॉकी त्या दिवशीच्या सातही शर्यतींत उतरला होता आणि देशभरातल्या हौशी मंडळींनी त्याच्या सातही घोड्यांची साखळी लावली होती. सातांचा एकत्रित भाव निघाला एकास पंचवीस हजारांहून जास्त. सहा घोडे जिंकल्यावर दुकानवाल्या कंपन्यांचं धाबं दणाणलं. साखळ्यांतला पैसा आता सातव्या घोड्यावर, फुजियामा क्रेस्टवर, येऊन बसला होता. शेवटचा हिशेब शर्यत सुटतानाच्या भावानं होणार होता. म्हणून कंपन्यांनी मैदानावर त्याच घोड्यावर पैसे ओतून भाव पाडला. सकाळी एकास बारा असलेला घोडा एकास दोनवर आला. घोड्याच्या कुवतीशी या भावाचा काही संबंध नव्हता. हे ओळखून गॅरी विल्टशायर नावाच्या मैदानी बुकीनं हवे तेवढे पैसे स्वीकारले. घोडा जिंकला. कंपन्यांचं कोट्यवधी पौंडांचं नुकसान झालं आणि विल्टशायर लाखो पौंडांच्या कर्जात गेला.

दुसरा प्रसंग जास्त बोलका आहे. गुणाकार मार्जिनला जसा मोठा करतो, तसाच गिऱ्हाइकाकडच्या खऱ्या माहितीलाही मोठा करतो. आयर्लंडचे घोड्यांचे प्रशिक्षक बार्नी कर्ली यांच्याकडे अशी माहिती होती. १० मे २०१० रोजी त्यांच्या गोटातले चार घोडे वेगवेगळ्या शर्यतींत धावले. बाजाराला वाटत होतं त्यापेक्षा ते बरेच तयार होते. एकेका घोड्यावर मोठी रक्कम लावली असती तर बुकींनी लगेच भाव उतरवला असता. म्हणून त्यांच्या माणसांनी ठिकठिकाणी छोट्या रकमांच्या साखळ्या लावल्या. छोटी साखळी म्हणजे बुकीचं आवडतं गिऱ्हाईक, तिच्याकडे संशयानं कोण बघणार? चारांपैकी तीन घोडे जिंकले आणि बुकींना सुमारे चाळीस लाख पौंडांचा फटका बसल्याचा अंदाज सांगितला जातो. चौथाही जिंकला असता तर आकडा कितीतरी पट झाला असता.

असे दिवस अपवादाचे. एरवी कंपन्या एका पावतीवर जास्तीत जास्त किती पैसे देणार, याची मर्यादा नियमांत घालून ठेवतात आणि निश्चिंत राहतात.

एकाच सामन्यातली साखळी

अलीकडे जोर आहे तो एकाच सामन्यातल्या साखळीवर. ब्रिटनमध्ये तिला ‘बेट बिल्डर’ म्हणतात, अमेरिकेत ‘सेम गेम पार्ले’. अमुक संघ जिंकेल, त्याचा अमुक खेळाडू गोल करेल आणि एकूण तीनपेक्षा जास्त गोल होतील, हे सगळं एका पावतीवर.

यात साधा गुणाकार चालत नाही, कारण या गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत. खेळाडूनं गोल केला की त्याच्या संघाची जिंकण्याची शक्यता आपोआप वाढते. नुसता गुणाकार केला तर बुकीला गरजेपेक्षा जास्त पैसे द्यावे लागतील. म्हणून कंपनीचं संगणकी प्रारूप एकत्रित भाव काढतं आणि गिऱ्हाइकाला फक्त तो एक आकडा दिसतो.

इथेच खरी अडचण आहे. साध्या सामन्याचं मार्जिन कुणालाही तपासता येतं : शंभराला प्रत्येक निकालाच्या भावानं भागायचं आणि बेरीज करायची. यजमान २.१०, बरोबरी ३.४०, पाहुणे ३.६० असे भाव असतील तर बेरीज येते १०५ ला थोडी कमी. शंभरावरचं जे असेल ते बुकीचं. बेट बिल्डरमध्ये मात्र उलट बाजूचा भाव लावलेलाच नसतो, मग बेरीज कशाची करणार? ज्या पैजेची किंमत गिऱ्हाइकाला मोजताच येत नाही, तिच्यावर जास्त मार्जिन ठेवायला विक्रेत्याला कुणाची आडकाठी नाही.

हे मार्जिन प्रत्यक्षात किती बसतं, याची झलक अमेरिकेतल्या सरकारी आकड्यांत दिसते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मे २०१८ मध्ये राज्यांना खेळांवरचा सट्टा खुला करायची मुभा दिली. इलिनॉयसारखी काही राज्यं साखळी पैजांचे आकडे वेगळे छापतात. सुट्या पैजांवर लागलेल्या रकमेतले पाच टक्क्यांच्या आसपास कंपन्यांकडे राहतात. साखळी पैजांवर हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या बरंच वर जातं. नेव्हाडात तर छापील पार्ले कार्डांवर वर्षानुवर्षं सुमारे तीस टक्के राहत आले आहेत. त्यामुळे कंपनीच्या जाहिरातीत पुढच्या वेळी जे सर्वांत मोठ्या अक्षरांत दिसेल, त्याचं मार्जिन आधी काढून बघा; काढता येत नसेल तर ते सगळ्यात जास्त आहे असं धरून चाला.